मे महिन्यात ४४ अंशांत लाईट टिकली, जूनच्या ढगाळ ३४ अंशांत का जाते?

वर्धेकर
मंडळी, प्रश्न सरळ आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास असतो, तेव्हा आमच्या भागात वीज बऱ्यापैकी टिकते. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आभाळ भरून येतं, पारा ३४-३५ वर उतरतो आणि नेमकी तेव्हाच दुपारी आणि रात्री दहानंतर वीज जायला लागते. हवा दहा अंशांनी उतरली तर एसी-कूलरचा भार कमी व्हायला हवा ना? मग हे उलटं का? "पाऊस आला की लाईट जाणारच" हे उत्तर नको. पाऊस न पडता नुसतं ढगाळ असतानाही हे होतं.

गारवा
ढगाळ हवेत मागणी कमीच होते. मे २०२५ आठवा. अवकाळी पाऊस झाला, मुंबईत तर मोसमी पाऊस २६ मेलाच पोचला. आदल्या वर्षी ३० मे २०२४ ला देशाची कमाल मागणी २५० गिगावॅटवर गेली होती, मे २०२५ मध्ये ती त्याच्या जवळपासही गेली नाही. त्या वर्षीचा उच्चांक जूनमध्ये आला आणि तोही सुमारे २४३ वर थांबला. त्यामुळे तुमच्याकडे मागणी वाढते हे पटत नाही. लाईनवर फांद्या पडत असतील.

लोडकर्व्ह
गारवा, तुमचं उदाहरण बरोबर आहे, पण ते "पाऊस पडून हवा खरोखर थंड झाली" या दिवसांचं आहे. वर्धेकरांचे दिवस वेगळे आहेत. आभाळ आहे, पाऊस नाही, वारा पडलाय आणि दमटपणा आहे. वीज व्यवस्थेला सगळ्यांत अवघड जाणारी हवा हीच. भरउन्हाचा दिवस निदान स्वतःची थोडी वीज घेऊन येतो. हा दिवस मागणी आणतो आणि सौर वीज काढून घेतो.

विदर्भापुरतं याचं मूळ कूलरमध्ये आहे. कूलर हवा किती थंड करणार हे थर्मामीटरच्या आकड्यावर ठरत नाही, हवा किती कोरडी आहे त्यावर ठरतं. मे महिन्यातली दुपार घ्या: ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर हीच हवा साधारण २३ अंश दाखवेल. बरा कूलर या दोन आकड्यांमधलं पाऊण अंतर कापतो, म्हणजे ४४ वजा साधारण १६, समोर २८ अंशांची हवा. बाहेर भट्टी असताना २८ म्हणजे सुखच.

आता जूनची ढगाळ दुपार: ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. ओल्या फडक्याचा आकडा २८ च्या वर. अंतरच उरलं साडेपाच अंश, त्याचं पाऊण म्हणजे चार. कूलरमधून येणार ३० अंशांची हवा, तीही जवळजवळ पूर्ण ओली. घाम वाळत नाही, अंथरूण दमट होतं आणि माणूस कूलर बंद करून एसी लावतो. पारा दहा अंशांनी उतरला, पण १५०-२०० वॅटच्या यंत्राची जागा हजार-पंधराशे वॅटच्या यंत्राने घेतली.

वर्धेकर
हे डोळ्यांसमोर आलं. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत दोन्ही आहेत. मे महिन्यात एसी बंद असतो, "कूलर पुरतो" म्हणतात.

फ्यूजकॉल
मग तुमच्या गल्लीचंच गणित करू. १०० केव्हीएचा डीपी आहे असं धरा, त्यावर ऐंशी घरं. मे महिन्यात रात्री साठ कूलर चालू, प्रत्येकी २०० वॅट, म्हणजे १२ किलोवॅट. पंखे, फ्रिज, टीव्ही, पाण्याच्या मोटारी मिळून अजून ३५. एकूण ४७. डीपी आरामात आहे.

जूनमध्ये त्या साठांपैकी तीस घरांनी एसी लावला. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर कमी घेतो, म्हणून सरासरी १.२ किलोवॅट धरू. झाले ३६. उरलेले तीस कूलर ६ किलोवॅट, बाकीचं ३५. बेरीज ७७. पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर साधारण ८६ केव्हीए. कागदावर अजून जागा दिसते, पण तीन फेजवर घरं सारखी वाटलेली नसतात. एका फेजवर जास्त एसी आले की त्या फेजचा करंट मर्यादेबाहेर जातो आणि तिथलं किटकॅट वितळतं. रात्री साडेदहा ते एक, जेव्हा सगळे एकदम झोपायला जातात, नेमके तेव्हाच फ्यूज कॉल येतात ते यामुळे.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. ढगाळ रात्र गार होत नाही, जमिनीची उष्णता ढग धरून ठेवतात. ट्रान्सफॉर्मरचं तेल पहाटेपर्यंत जेवढं उतरायला हवं तेवढं उतरत नाही आणि दुसऱ्या दिवशीचा भार आधीच तापलेल्या डीपीवर चढतो.

शर्वरी_एन
माझ्याकडे छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे. मे महिन्यात रोज १३-१४ युनिट मिळायची, आता ढगाळ दिवसात ४-५ मिळतात. इन्व्हर्टर खराब झालाय का? आणि वीज गेली की सोलरही बंद पडतं, भरदुपारीसुद्धा. विक्रेत्याने हे सांगितलंच नव्हतं. धाग्याचा विषय सौरचाच दिसला म्हणून इथे विचारते.

लोडकर्व्ह
शर्वरीताई, इन्व्हर्टर ठीक असावा. गच्च आभाळात पॅनेल स्वच्छ दिवसाच्या पाव ते तिसरा हिस्सा देतं, तुमचे आकडे त्यात बसतात. खात्री हवी असेल तर एखाद्या उघडीप पडलेल्या दुपारी बारा ते एकच्या दरम्यान अॅपवर किलोवॅटचा आकडा बघा. धुतलेल्या पॅनेलवर तो सव्वादोनच्या वर गेला तर यंत्रणेत दोष नाही. ग्रिड गेल्यावर सोलर बंद होणं ही सुरक्षेची सोय आहे. लाईन बंद समजून काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या छतावरची वीज बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तरच घरापुरता पुरवठा चालू ठेवता येतो.

मात्र तुमची तक्रार धाग्याच्या विषयाला चिकटलेलीच आहे. तुमच्या छताने ज्या ९ युनिट कमी दिल्या, त्या त्या दिवशी तुम्ही ग्रिडकडून घेतल्या. तुमचा वापर वाढला नाही, तरी उपकेंद्राच्या मीटरला तो वाढलेला दिसला.

आता ११ केव्हीच्या एका शहरी फीडरचं उदाहरण बघा (आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत). या फीडरवर छतांवरचं सोलर सव्वा मेगावॅटच्या जरा खाली, १.२ धरू.

मे, दुपारी एक, स्वच्छ ऊन. लोकांचा खरा वापर ३.२ मेगावॅट. सोलर देतंय ०.८. हो, १.२ नाही. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि ४३-४४ अंशांच्या हवेत पॅनेल स्वतः ६८-७० वर पोचतं. दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट, म्हणजे उष्णतेनेच १५ टक्के गेले, वर धूळ. तरीही ०.८ मिळाले, म्हणून उपकेंद्राला दिसतात फक्त २.४.

जून, दुपारी एक, गच्च आभाळ. कूलरचे एसी झाले, वापर ३.६. सोलर ०.२५. उपकेंद्राला दिसतात ३.३५.

लोकांचा वापर साडेबारा टक्क्यांनी वाढला, पण फीडरच्या ब्रेकरवर भार ४० टक्क्यांनी वाढला. जे फीडर गेल्या दोन-तीन वर्षांत छतावरच्या सोलरमुळे "हलके" दिसायला लागले, त्यांचं हलकेपण उन्हाच्या भरवशावर आहे. क्षमतावाढीचे प्रस्ताव निव्वळ फीडर मीटरचे आकडे बघून मागे ढकलले जातात तेव्हा मला खरी काळजी वाटते.

गारवा
कूलरचा मुद्दा मान्य. पण मग पुण्या-मुंबईत हे लागू होत नाही. तिथे कूलर कुठे आहेत?

लोडकर्व्ह
तिथे बदल कमी तीव्र आहे, पण आहे. एसीचं काही काम हवा गार करण्याचं आणि उरलेलं तिच्यातलं पाणी काढण्याचं असतं, हा वाटा हवेनुसार बदलतो. दमट दिवसात तोच एसी २४ वर ठेवूनही कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, टपकणारं पाणी मोजलं तरी कळेल. रात्रीचं किमान तापमान तर दुपारच्या कमालपेक्षाही महत्त्वाचं. दिल्लीचा विक्रम बघा: १९ जून २०२४, ८६५६ मेगावॅट. त्या दिवशी सफदरजंगचं किमान तापमान ३५.२ होतं, म्हणजे आदल्या रात्री शहर थंड झालंच नव्हतं. भिंती-स्लॅब दोन-तीन दिवसांची उष्णता साठवतात, म्हणून अंदाज बांधताना फक्त आजचा पारा घेऊन चालत नाही. आजच्याला निम्मं वजन, उरलेलं काल-परवाला, अशी सुरुवात करून मागच्या वर्षीच्या आकड्यांवर वजनं जुळवून घ्यावी लागतात. त्यातही साध्या पाऱ्यापेक्षा ओल्या फडक्याचं तापमान घेतलं तर जूनची चूक बरीच कमी होते.

पाटस्थळ
आमच्याकडचा फीडर सौर कृषी वाहिनी योजनेत गेलाय, दिवसा आठ तास थ्री फेज मिळते. आभाळ आलं की आमच्या मोटारीला कमी वीज मिळते का? शेजाऱ्याचा सौर पंप ढगाळ दिवशी फिरतो पण पाणी टाकत नाही, त्यामुळे लोक घाबरलेत.

फ्यूजकॉल
पाटस्थळ भाऊ, दोन्ही प्रकार वेगळे आहेत. तुमच्या फीडरचा सौर प्रकल्प उपकेंद्राजवळ ११ किंवा ३३ केव्हीला जोडलेला असतो. ढग आला की प्रकल्पाची वीज घटते आणि तेवढी ग्रिडमधून येते. मोटारीला फरक कळत नाही, ग्रिडला कळतो.

शेजाऱ्याचा पंप थेट पॅनेलवर आहे. ५ एचपीला ४८०० वॅटचे पॅनेल असतात. प्रकाश कमी झाला की कंट्रोलर मोटारीचा वेग उतरवतो, आणि पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. वेग ७० टक्क्यांवर आला की दाब निम्म्यावर. विहीर खोल असेल तर तेवढ्या दाबाने पाणी वर येतच नाही, पाइपात अर्ध्यावर थांबतं. पंप खराब नाही. अशा वेळी तासन् तास फिरू देण्यापेक्षा बंद ठेवावा आणि उघडीप बघून चालू करावा. कोरडा फिरला तर सील जातं.

पाटस्थळ
समजलं. म्हणजे ढगाळ दिवशी आमचा फीडर ग्रिडवर ओझं टाकतो?

लोडकर्व्ह
टाकतो, पण पाऊस झाला असेल तर तुम्ही मोटारच लावणार नाही आणि हिशेब जुळतो. अडचण ढगाळ पण कोरड्या दिवसांची. याच्या उलट टोकाचं उदाहरण ऑगस्ट २०२३ चं. १९०१ पासूनचा तो सगळ्यांत कोरडा ऑगस्ट. ऐन पावसाळ्यात पंप आणि एसी एकदम चालू झाले आणि महिनाअखेर देशाची मागणी २४० गिगावॅटच्या घरात गेली. तेव्हा निदान दुपारी सौर वीज भरपूर होती, चणचण संध्याकाळी भासत होती.

वर्धेकर
गल्ली आणि फीडर कळले. पण काही दिवशी तीन-चार फीडर आळीपाळीने जातात. ते राज्याच्या पातळीवरचं असणार. तिथे काय बिघडतं? जूनमध्ये ढग येणार हे तर सगळ्यांना माहीत असतं.

लोडकर्व्ह
ढग येणार हे माहीत असतं. मंगळवारी की गुरुवारी, सकाळी दहाला की दुपारी दोनला, हे आदल्या दिवशी सकाळी सांगता येत नाही, आणि नियोजन तेव्हाच करावं लागतं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून प्रत्येकात कुठून किती वीज घ्यायची ते आदल्या दिवशी ठरतं. उद्या स्वच्छ ऊन आहे असं धरलं तर दुपारी सौर वीज भरपूर, म्हणून काही औष्णिक संच बंद ठेवले जातात, बाकीचे ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणले जातात.

आता समजा सौर वीज ठरल्यापेक्षा २००० मेगावॅटने कमी आली. एका जिल्ह्यावर ढग असेल तर राज्यभर पसरलेले बाकीचे प्रकल्प ते सावरतात. एकच ढग एका प्रकल्पाची वीज काही मिनिटांत पाऊण भागाने पाडू शकतो, पण राज्याच्या बेरजेत त्याचा धक्का बोथट होतो. मोसमी पावसाची आघाडी मात्र विदर्भ-मराठवाडा एकदम झाकते आणि तिथे ही विभागणी कामाला येत नाही.

चालू असलेले संच वर चढतात. ५०० मेगावॅटचा संच मिनिटाला १ टक्का या वेगाने ५ मेगावॅट चढतो, असे दहा संच तासाभरात भोक बुजवू शकतात. म्हणून चालू संच किती आहेत हाच खरा प्रश्न. पूर्ण थंड पडलेला संच पेटवून ग्रिडला जोडायला दहा-बारा तास जातात, तोवर संध्याकाळ उलटते. मधल्या काळात कोयना, घाटघरसारखी जलविद्युत आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या लिलावाचा रिअल टाइम बाजार. कोयना मिनिटांत भार घेते, पण तिथे वीज करून पश्चिमेकडे सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलंय, वर्ष १ जून ते ३१ मे. जूनच्या सुरुवातीला वर्षाचा कोटा नवा असतो, पण धरण तळाला असतं. आणि आघाडी शेजारच्या राज्यांवरही असेल तर बाजारात सगळेच खरेदीला उभे असतात.

डेक्कनट्रॅप
यावर उपाय बॅटरी हाच आहे. दुपारची सौर वीज साठवा, रात्री वापरा. एवढी चर्चा कशाला?

लोडकर्व्ह
रात्रीच्या चणचणीसाठी बॅटरी उत्तम. पण सलग तीन दिवस आभाळ असेल तर ती भरायची कशाने? दोन किंवा चार तासांची बॅटरी ढगाच्या पहिल्या तासाला सावरते, संच वर येईपर्यंतचा वेळ मिळवून देते. तीन दिवसांच्या तुटीला कोळसा, पाणी किंवा राजस्थान-गुजरातकडची सौर वीज लागणार.

डेक्कनट्रॅप
ती बॅटरी पहाटे स्वस्त औष्णिक विजेवरही भरता येते. ढगाचा इशारा आदल्या रात्री मिळाला तर पहाटे भरून ठेवायची. तुम्ही बॅटरीला फक्त सौरशी बांधताय.

लोडकर्व्ह
हा मुद्दा रास्त आहे. मात्र भरताना-उपसताना जाणाऱ्या विजेचा आणि इशारा खोटा ठरला तर होणाऱ्या खर्चाचा हिशेब मांडल्याशिवाय किती फायदा ते मी ठामपणे सांगणार नाही.

गारवा
आणि फांद्या? माझा मुद्दा सगळ्यांनी सोडूनच दिला.

फ्यूजकॉल
सोडायचा नाहीच, जूनमधल्या पुष्कळ ट्रिपिंगचं कारण तेच असतं. त्यात एक भर घाला. उन्हाळाभर पिन इन्सुलेटरवर धूळ बसते. पहिली भुरभुर किंवा नुसती दमट हवा लागली की ती धूळ ओली होते आणि तिच्यातून करंट वाहायला लागतो. जोराचा पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो, भुरभुर मात्र घात करते. वर्धेकरांना "पाऊस नसतानाही" जे दिसतं त्यातला काही भाग हा असू शकतो. म्हणून आधी प्रकार ओळखा.

फक्त तुमची गल्ली किंवा एकच फेज गेला, शेजारची गल्ली चालू: डीपीचा फ्यूज, रात्रीचा असेल तर बहुधा एसीचा भार. पूर्ण फीडर क्षणात गेला आणि दोन-पाच मिनिटांत परत आला: लाईनवरचा तात्पुरता दोष. पूर्ण फीडर गेला आणि पंधरा-वीस मिनिटांनी आला, पुन्हा तासाभरात गेला: भार किंवा कायम दोष, यात रिले बघावा लागतो. ठरावीक अंतराने एकामागून एक फीडर जात असतील तर वरून भार कमी करायला सांगितलंय.

वर्धेकर
उपकेंद्रात ओळखीचे ऑपरेटर आहेत. त्यांच्याकडे नेमकं काय विचारू?

फ्यूजकॉल
लॉगशीटमध्ये प्रत्येक ट्रिपिंगसमोर वेळ आणि रिलेचं इंडिकेशन लिहिलेलं असतं. "ओव्हरकरंट" की "अर्थ फॉल्ट" ते बघा. अर्थ फॉल्ट जास्त असतील तर इन्सुलेटर आणि फांद्या, गारवांचा मुद्दा. ओव्हरकरंट असतील तर त्या तासाचा अँपिअरचा आकडा मे महिन्यातल्या त्याच तासाशी ताडा. दर तासाचा अँपिअर लिहिलेलाच असतो.

लोडकर्व्ह
आणि अँपिअर ताडताना दिवस निवडून घ्या, वार सारखा आणि सुट्टी नसलेला. दुपारी एक आणि रात्री अकरा, दोन्ही वेळा लिहा. एकला वाढ दिसली आणि अकराला नाही, तर ती मुख्यतः हरवलेल्या सोलरची. दोन्ही वेळी दिसली तर एसीची. हवामान खात्याच्या तुमच्या केंद्राची आर्द्रता शेजारच्या रकान्यात टाका.

शर्वरी_एन
माझ्या इन्व्हर्टर अॅपमध्ये दर पाच मिनिटांचं उत्पादन साठतं. मी वर्ध्याचीच आहे. तेच दिवस लागणार असतील तर फाईल पाठवू का?

वर्धेकर
ताई, नक्की पाठवा. लॉगशीट मिळाली की १५ मे ते २५ जूनचे आकडे इथेच टाकतो.